पिंपल गेला, मागे डाग राहिला की खड्डा? आधी हे ओळखा, मग पैसे घाला

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून रोज जे ऐकायला मिळतं त्यात "काका, पिंपलचे डाग जायचं काहीतरी द्या ना" हे फार वरच्या नंबरला आहे. आमचं दुकान कर्वे रोडच्या बाजूला, आसपास हॉस्टेलं आणि पीजी, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजचं नाहीतर नुकतंच नोकरीला लागलेलं. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, डाग सपाट आहे का तिथे खड्डा पडलाय? यावर समोरचा गोंधळतो, कारण आरशात दोन्ही काळंच दिसतं. पण सपाट डागावर ट्यूबने फरक पडतो, आणि खड्डा कुठल्याच ट्यूबने भरत नाही, मग ती दोनशेची असो नाहीतर दोन हजारांची. ज्यांचे पिंपल्स आत्ताच कमी झालेत आणि पुढे काय करायचं ते कळत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टर लागतो तिथे तसं स्पष्ट सांगेन.

पहिलं काम: बाथरूमचा लाइट बंद करा

चेहरा धुवा, पुसा, मेकअप वगैरे काही नको. बाथरूमचा लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च लावा आणि तो समोरून नाही तर कानाच्या बाजूने, गालाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड गालावरून आडवा जाईल. आता आरशात बघा. जिथे खड्डा आहे तिथे एका कडेला सावली पडेल, आणि टॉर्च दुसऱ्या बाजूला नेला की सावलीसुद्धा बाजू बदलेल. नुसता डाग असेल तर उजेड कुठूनही येऊ दे, तो तिथेच तसाच काळा दिसणार. ऑफिसच्या लिफ्टमध्ये आपला चेहरा एकदम खराब का दिसतो त्याचं कारणही हेच, डोक्यावरून येणारा उजेड प्रत्येक खड्ड्यात सावली टाकतो.

मग डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला काही लागलं नाही तर डाग, बोट खाली गेल्यासारखं वाटलं तर खड्डा, आणि टणक उंचवटा लागला तर ते तिसरंच प्रकरण, त्याचं खाली सांगतो. त्यानंतर दोन बोटांनी कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर खड्डा नाहीसा होत असेल तर तो उथळ, लाटेसारखा खड्डा आहे, आणि ताणूनही सुईने टोचल्यासारखं भोक तसंच राहत असेल तर तो अरुंद आणि खोल आहे. हे आत्ताच लक्षात ठेवा, डॉक्टरकडे गेल्यावर दोघांचे उपाय वेगळे निघतात.

एक टेस्ट आणखी, ही लोकांना माहीतच नसते. काचेचा पारदर्शक ग्लास डागावर दाबून धरा आणि काचेतून बघा. दाबल्यावर डाग फिका पडला तर तो रंगाचा डाग नाही, ती सूज उतरल्यावर फुगून राहिलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची लाली आहे, जी गोऱ्या माणसात गुलाबी दिसते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर जांभळट नाहीतर विटकरी. ती बरेचदा आपोआप ओसरते, रंग घालवायच्या क्रीमचा तिच्यावर काही उपयोग नाही. दाबूनही रंग तसाच राहिला तर तो खरा रंगाचा डाग.

आत नेमकं काय होतं

पिंपल म्हणजे सूज. सूज आली की कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी खवळतात आणि नेहमीपेक्षा जास्त मेलॅनिन बनवून शेजारच्या पेशींना वाटत सुटतात. सावळ्या माणसात या पेशींची संख्या जास्त नसते, त्या जास्त कामसू असतात आणि थोड्याशा त्रासानेही भडकतात. म्हणून नेदरलँड्सहून आलेल्या एखाद्या पोराच्या गालावर तेवढाच पिंपल नुसती लाली सोडून जातो आणि आपल्याकडे सहा महिन्यांचा काळा ठिपका. कातडी बिघडलेली वगैरे काही नसते, तिला रंग बनवायची सवयच जास्त आहे.

हा जास्तीचा रंग वरच्या थरात राहिला तर डाग तपकिरी दिसतो, आणि वरचा थर सतत नवा होत असल्यामुळे हळूहळू निघून जातो, काही महिने लागतात पण जातो. पण पिंपल खोलवरचा असेल, किंवा तो नखाने पिळला असेल, तर दोन थरांमधली हद्द फाटते आणि रंग खालच्या थरात सांडतो. तिथे साफसफाई करणाऱ्या पेशी तो गिळून बसून राहतात. असा डाग राखाडी-निळसर दिसतो, आणि तो जायला वर्षसुद्धा लागू शकतं, कधी दोन-तीन. म्हणजे डागाच्या छटेवरूनच तुम्हाला अंदाज येतो की किती थांबावं लागणार आहे. घरच्या उजेडात ही छटा नीट कळत नाही, खिडकीपाशी सकाळी बघा.

खड्ड्याची गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे सुजेने खालच्या थरातलं कोलॅजन, म्हणजे कातडीला आतून उचलून धरणारी जाळी, खाऊन टाकलेली असते. काही खड्ड्यांत खालून चिवट धागे तयार होऊन कातडीला आत ओढून धरतात. पुणेकरांना एका ओळीत सांगायचं तर डाग म्हणजे रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि खड्डा म्हणजे खड्डा, ऑइल पुसायच्या पावडरीने खड्डा बुजत नाही. आणि बऱ्याच जणांना दोन्ही एकदम असतं, खड्ड्याच्या तळाला काळा रंग, मग रंग गेल्यावर लोक म्हणतात "क्रीमने खड्डा भरला", तर तो भरलेला नसतो, फक्त कमी उठून दिसतो.

माझ्या भाचीचं उदाहरण

भाची तेवीसची, वारज्याहून हिंजवडीला स्कूटरने जाते, तोंडाला स्कार्फ, हातात ते लांब मोजे, एकदम पुणेरी थाट. दुकानात आली ती थेट मुद्द्यावर, "मामा, लग्न आहे मे महिन्यात मैत्रिणीचं, तोपर्यंत हे सगळं जायला पाहिजे." म्हटलं बस, आधी बघू तरी दे.

टॉर्च लावून बघितलं तर उजव्या गालावर पाच तपकिरी डाग, सपाट. जबड्याच्या कडेला दोन राखाडी, तेही सपाट. कानशिलाजवळ तीन बारीक भोकं, ताणूनही तशीच. शिवाय हनुवटीवर दोन नवे, लाल, दुखणारे पिंपल. आणि पर्समध्ये कुणीतरी सांगितलेली "चेहरा उजळायची" ट्यूब. मागचं बारीक प्रिंट वाचलं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. "किती दिवस लावतेस?" तर म्हणे दिवाळीपासून, रोज रात्री, आणि लावायचं थांबवलं की चेहरा लाल होऊन चुरचुरतो म्हणून परत लावते.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी याच ट्यूबने होताना बघतो. ही वाईट औषधं नाहीत, डॉक्टर ती वांगासाठी, मोजक्या आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून देतात. पण पिंपलच्या डागावर महिनोन्महिने लावली की पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा मस्त उजळतो, मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, गालावर लव वाढते, आणि एकाच साइजच्या बारीक पुटकुळ्या उठतात ज्या साध्या पिंपलसारख्याच दिसतात. म्हणजे डाग घालवायला लावलं आणि नवे डाग पडायची सोय केली. आपल्या देशात हे इतकं झालं की त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलं, आणि 2018 मध्ये सरकारने असल्या बऱ्याच स्टिरॉइड क्रीम्स प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात, खोटं कशाला बोलू. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही वाचलं तर ती चेहऱ्यासाठी स्वतःच्या मनाने विकत घेऊ नका. आणि आधीच महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरला दाखवून उतरवा, नाहीतर चेहरा भडकतो. भाचीला मी आधी तिकडेच पाठवली.

डागांसाठी: नवे पिंपल थांबवा, ऊन अडवा, एकच औषध लावा

क्रम हाच ठेवा. नवे पिंपल येत राहिले तर जुने डाग घालवण्याला अर्थ नाही, एक जातो तोवर दोन येतात. म्हणून डॉक्टरांनी भाचीला स्टिरॉइड उतरवून झाल्यावर ॲडापलीन ०.१ टक्के जेल दिलं. हे पिंपल रोखतं आणि वरचा थर लवकर नवा करून डागही फिका करतं, एका दगडात दोन पक्षी. लावायची पद्धत महत्त्वाची: रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आधी मॉइश्चरायझर. डागावर ठिपके ठिपके देऊन नाही. पहिले पंधरा दिवस आठवड्यातून दोनदाच, मग एक दिवसाआड. सावळ्या कातडीला घाई चालत नाही, कारण औषधाने आलेली आग हीसुद्धा सूजच, आणि सुजेने परत रंग. सालं निघायला लागली, तोंड धुताना झोंबायला लागलं की दोन-तीन दिवस औषध बंद, नुसतं मॉइश्चरायझर. "साल निघतंय म्हणजे काम करतंय" ही समजूत डोक्यातून काढून टाका. प्रेग्नन्सीत किंवा तसा विचार असेल तर ॲडापलीन नको, तिथे अझेलिक ॲसिड असतं जे डॉक्टर सहसा चालतं म्हणतात.

अझेलिक ॲसिड हे माझं आवडतं, आपल्याकडे 10 आणि 20 टक्क्यांत मिळतं, पिंपल आणि रंग दोन्हीवर चालतं. सुरुवातीला खाज आणि मुंग्या आल्यासारखं होतं, बहुतेकांना काही दिवसांनी ते कमी होतं. नायसिनमाइड 4-5 टक्के सौम्य, रंग शेजारच्या पेशीत जायला अडवतं, ज्यांना काहीच सोसत नाही त्यांनी तिथून सुरू करावं. पण तीनही एकदम नको. कोरियन रुटीनचे व्हिडिओ बघून पोरं सात बाटल्या घेऊन बसतात, मग चेहरा लाल झाल्यावर कुठल्या बाटलीने झाला तेच कळत नाही. एक औषध, किमान आठ ते बारा आठवडे, मग ठरवा.

बेंझॉइल पेरॉक्साइड कुणी दिलं असेल तर 2.5 टक्क्यांचं पुरतं, आणि रंगीत ओढणी, उशीचा अभ्रा सांभाळा, त्याने कपड्याचा रंग उडतो. तुमच्या डागाचा मात्र नाही उडत, तो गैरसमज नको.

आता ऊन. सनस्क्रीन नसेल तर वरचं सगळं पाण्यात. दोन बोटांवर, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. लोक चण्याएवढं लावतात आणि म्हणतात एसपीएफ पन्नास आहे. तीसच्या वरचं कुठलंही चालेल पण पुरेसं लावा, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. सावळ्या कातडीसाठी एक खास गोष्ट अशी की नुसती अतिनील किरणंच नाही, आपल्याला डोळ्यांनी दिसणारा उजेडसुद्धा, त्यातला निळसर भाग, आपला रंग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे तो किंचित मातकट रंग जो टिंटेड सनस्क्रीनमध्ये असतो. त्यामुळे टिंटेड घ्या, आपल्या रंगाला जुळणारं, म्हणजे तो पांढरा भुताटकी थरही दिसत नाही. मोबाइलच्या स्क्रीनने डाग पडतात असं सांगून विकलं जाणारं काही मात्र घेऊ नका, उन्हापुढे त्या उजेडाची काय पत्रास.

आणि स्कार्फ. स्कार्फ चांगला आहे, पण पातळ, ताणलेला, पांढरा सुती स्कार्फ बराच उजेड आत सोडतो, आणि डोळ्यांभोवती, कपाळावर, गालाच्या वरच्या भागात तर तो पोचतच नाही. भाचीचे राखाडी डाग नेमके जबड्यावर होते जिथे हेल्मेटचा पट्टा स्कार्फवरून घासतो, घामट कापड तास-तासभर. घासणं हीसुद्धा सूज. तिला म्हटलं गडद, मऊ, दाट विणीचा घे, दोन-तीन ठेव आणि रोज धुतलेला बांध, गाठ जबड्यावर नको मागे घे. स्कार्फखाली सनस्क्रीन हवंच. पावसाळ्यातसुद्धा, ढग असले म्हणून ऊन संपत नाही.

लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाचा स्क्रब, हे काही लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर चक्क भाजल्यासारखे चट्टे येतात. हळद-बेसन लावायचंच असेल तर लावा, आजी खूश होईल, पण घासून काढू नका, पाण्याने भिजवून काढा.

फोटो काढा, महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फिल्टर बंद. रोज आरशात बघून फरक कधीच कळत नाही. भाचीचे तपकिरी पाच डाग चौथ्या महिन्याच्या फोटोत जेमतेम दिसत होते. जबड्यावरचे राखाडी दोन होते तिथेच, किंचित फिके. मे महिन्याचं लग्न त्याआधीच होऊन गेलं, त्यात तिने कन्सीलर लावला आणि कुणाला काही कळलं नाही. कानशिलावरच्या तीन भोकांत मात्र तसूभर फरक नव्हता, आणि पडणारच नव्हता.

खड्ड्यांसाठी: ट्यूब नाही, हात लागतो

इथे त्वचारोगतज्ज्ञ लागतो, पार्लर नाही. बोर्डावर "कॉस्मेटॉलॉजिस्ट" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, एमबीबीएसनंतर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का ते विचारा, नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची. खिसा बघून करायचं असेल तर ससूनला त्वचारोगाचा विभाग आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा.

सुईच्या टोकासारख्या भोकांत डॉक्टर बारीक काडीने कडक टीसीए ॲसिडचा ठिपका देतात, म्हणजे तिथे मुद्दाम जखम होऊन नवं कोलॅजन तळातून वर भरत येतं. ऑनलाइन ही बाटली मिळते म्हणून घरी करणारे महाभाग आहेत, करू नका, जराशी सांडली तर खड्डा रुंद होतो. लाटेसारख्या, ताणल्यावर जाणाऱ्या खड्ड्यांत खालचे ओढून धरणारे धागे सुईने आतल्या आत कापतात, त्याला सबसिजन म्हणतात. उथळ खड्डे जास्त असतील तर मायक्रोनीडलिंग, म्हणजे कातडीत बारीक सुया टोचणं, महिना-दीड महिन्याच्या अंतराने काही सिटिंग. लेसरनेही होतं, पण सावळ्या कातडीवर जोराचा लेसर स्वतःच काळे डाग सोडू शकतो, म्हणून सेटिंग जपून ठेवणारा डॉक्टर हवा. घरचा रोलर तर अजिबात नको, सुया बोथट होतात, पिंपलवरून फिरवला तर जंतू पूर्ण गालभर.

यातल्या कशानेही खड्डा शंभर टक्के सपाट होत नाही. अर्धा-अधिक भरला, आडव्या उजेडात सावली कमी पडायला लागली, की ते चांगलं काम. भाचीच्या एका भोकाभोवती ॲसिडनंतर काळं कडं आलं होतं, ती घाबरून फोन करत होती, ते कडं म्हणजे परत तोच सपाट डाग, सनस्क्रीन आणि अझेलिकवर काही आठवड्यांत उतरलं.

बोटाला टणक उंचवटा लागला होता म्हणालात तर तो जबड्यावर, छातीवर, खांद्यावर जास्त होतो. जखमेच्या हद्दीबाहेर पसरत असेल, खाजत असेल तर तो केलॉइड. त्याला सुया टोचणं, ॲसिड, लेसर असलं काही स्वतःहून करून घेऊ नका, डिवचला की वाढतो, डॉक्टर त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बसवतात. आणि घरात कुणाला केलॉइड असेल तर खड्ड्यांचे उपाय सुरू करायच्या आधीच ते डॉक्टरला सांगा.

पहिल्या भेटीला जाताना चेहऱ्यावर काही लावू नका, तुमचे महिन्याचे फोटो दाखवा, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी, नाव सांगताना लोक निम्मं विसरतात. आणि हे दोन प्रश्न विचारा: माझ्या चेहऱ्यावर रंग किती आणि खड्डा किती? आणि नवे पिंपल पूर्ण थांबले नसतील तर खड्ड्यांचं काम आत्ता सुरू करायचं का थांबायचं? दुसऱ्याचं उत्तर न देता जो थेट सहा सिटिंगचं पॅकेज पुढे करेल तिथून चहा पिऊन घरी या.